फोटोतलं टेबल, चिठ्ठीतले आभार

कुणाकडे जेवून आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना एक निरोप जातो. ‘जेवण खूप छान झालं, मजा आली, थँक्यू!’ खाली हात जोडल्याची दोन चित्रं. निरोप मनापासूनचा असतो, पण त्यात त्या घरचं काहीच नसतं. मागच्या महिन्यात ज्यांच्याकडे जेवलो त्यांनाही हेच पाठवलेलं असतं. ज्या बाईंनी दोन दिवस स्वयंपाकघरात काढले, त्यांना त्यातून एवढंच कळतं की पाहुणे सुखरूप घरी पोचले.

त्याच फोनमध्ये आदल्या रात्रीचा एक फोटो असतो. हल्ली पहिला घास घेण्याआधी कुणीतरी भरल्या टेबलाचा फोटो काढतंच. तो ग्रुपवर जातो, चार-दोन अंगठे येतात आणि मग तो शेकडो फोटोंखाली गाडला जातो. चांगल्या चिठ्ठीला लागणारा सगळा मजकूर मात्र त्यातच असतो. आपण गप्पांत रंगलेलो असतो, त्यामुळे टेबलावर काय होतं यातलं निम्मं दुसऱ्या दिवशी आठवत नाही. फोटोला ते आठवत असतं. तो पाहण्याची रीत मात्र थोडी वेगळी ठेवावी लागते. फोटोत पदार्थ दिसतात, पण आभार पदार्थांचे मानायचे नसतात. पदार्थामागे कुणाचा किती वेळ गेला आणि कुणी कुणाचा विचार केला, त्याचे मानायचे असतात. हे दोन्ही फोटोतून शोधून काढता येतं. ते कसं, हे एका टेबलावरून दाखवते.

टेबलावर काय होतं

श्रावणातला शनिवार होता. डोंबिवलीला मैत्रिणीच्या आईबाबांकडे आम्ही रात्रीच्या जेवणाला गेलो होतो. आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांची मुलगी. घरचे तिघं, काका, काकू आणि मैत्रीण. बसायच्या आधी नवऱ्याने टेबलाचा एक फोटो काढला. तो टेबलाच्या टोकाला उभा होता आणि फोन हातभर वर धरून जरा तिरका काढलेला होता. त्यामुळे वाट्यांच्या आत काय आहे ते दिसत होतं, खुर्च्या दिसत होत्या आणि मागे स्वयंपाकघराचं दारही आलं होतं. चिठ्ठीसाठी असाच फोटो उपयोगी पडतो. अगदी वरून, सरळ खाली काढलेला फोटो दिसायला देखणा असतो, पण त्यात नुसते पदार्थ येतात, घर येत नाही. फ्लॅश मात्र बंद ठेवावा. स्टीलच्या वाट्या आणि तुपाची तार त्यात चमकतात आणि आतलं काही दिसत नाही.

फोटोत मध्यभागी पितळी पातेल्यात वालाचं बिरडं होतं, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. त्याच्या शेजारी ताटात अळूवड्या. मसालेभात, साधं वरण, बटाट्याची सुकी भाजी. खमंग काकडीचा एक मोठा काचेचा वाडगा आणि त्याच्याच बाजूला एक लहान स्टीलची वाटी. काचेच्या पेल्यांत सोलकढी. पोळ्यांच्या डब्याचं झाकण उघडं आणि आत फक्त दोन पोळ्या. शेवयांची खीर, लिंबाच्या फोडी, लोणचं, पापड. टेबलाच्या कोपऱ्यात मिठाईचा एक खोका.

ही यादी झाली, आणि पहिला मोह ती तशीच उतरवायचा होतो: ‘काकू, बिरडं, अळूवड्या, मसालेभात, खीर, सोलकढी, सगळंच अप्रतिम होतं.’ हे केटररच्या मेनूकार्डासारखं वाचलं जातं. सगळ्यांना सारखंच छान म्हटलं की काहीच वेगळं काढून सांगितल्यासारखं होत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, फोटो समोर ठेवून नावं उतरवली आहेत. म्हणून यादी मनात करायची, कागदावर आणायची नाही. मग तोच फोटो तीनदा पाहायचा, दर वेळी एकच प्रश्न मनात ठेवून.

पहिल्यांदा: वेळ कुठे गेला?

टेबलावरच्या पदार्थांतला कुठला सगळ्यात आधी सुरू झाला असेल, हा पहिला प्रश्न. या टेबलावर त्याचं उत्तर बिरडं हे आहे. कडवे वाल रात्री भिजत घालतात. सकाळी पाणी काढून ते फडक्यात घट्ट बांधून ठेवतात. मोड यायला आणखी एक दिवस जातो, पावसाळी गार हवेत त्याहून जास्त. मोड आले की कोमट पाण्यात घालून एकेक वाल चिमटीत धरून सोलावा लागतो. सातआठ माणसांना अर्धा किलो वाल धरले तर सोलण्यातच तासाहून जास्त वेळ जातो. शनिवारी रात्री ताटात आलेल्या बिरड्याची सुरुवात म्हणून गुरुवारी रात्रीच झालेली असते.

फोटो मोठा करून पाहिला तर आणखी एक गोष्ट दिसते. पातेल्यातले वाल अख्खे होते. सोललेला वाल फार नाजूक असतो. आच जरा जास्त झाली किंवा पळी जोरात फिरली की त्याचा लगदा होतो. वाल शिजलेला आणि तरीही अख्खा, हे जाणत्या हाताचं काम असतं. ‘चव अप्रतिम’ यापेक्षा ‘एकही वाल फुटला नव्हता’ हे वाक्य करणाऱ्या बाईंना कितीतरी जास्त सांगून जातं, कारण त्यांनी नेमकं तेच जपलेलं असतं.

इथे एक सावधगिरी हवी. मोड आलेले, सोललेले वाल मुंबई-पुण्याच्या भाजीबाजारात तयारही मिळतात. फोटोवरून ते कळत नाही. घरी न सोललेल्या वालांबद्दल ‘एकेक वाल सोलत बसलात’ असं लिहिलं तर समोरच्याला अवघडल्यासारखं होतं आणि बाकीच्या चिठ्ठीवरचाही विश्वास जातो. फोटोतून फक्त प्रश्न मिळतो, उत्तर माणसाकडूनच घ्यावं लागतं. मी मैत्रिणीला फोन करून सहज विचारलं. ती म्हणाली, “अगं, शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर आई वाल घेऊन जी बसली ती चहाच्या वेळेला उठली. मी मदतीला बसले तर म्हणाली, तू अर्धे मोडतेस.” आता लिहायला हरकत नव्हती.

दुसरा मोठा वेळ अळूवडीचा. पानांच्या जाड शिरा काढायच्या, उलट्या बाजूला बेसन, चिंच, गूळ आणि तिखटाचा लेप लावायचा, मोठं पान खाली ठेवून वर लहान पानं रचायची, घट्ट गुंडाळी करून वीसेक मिनिटं वाफवायची. गुंडाळी पूर्ण गार झाल्याशिवाय कापली तर वड्या सुटतात, म्हणून हे काम दुपारीच उरकावं लागतं. चिंच कमी पडली तर घसा खाजतो, कारण अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे कण असतात आणि चिंचेच्या आंबटपणाने त्यांचा त्रास कमी होतो. सासूबाई एरवी बाहेरची अळूवडी या खाजेच्या भीतीनेच खात नाहीत. त्यांच्या ताटात त्या रात्री तीन वड्या होत्या. हेही चिठ्ठीत यायला हवं होतं, पण सगळं घेता येत नाही. वेळेची एकच गोष्ट घ्यायची, आणि ज्यात सगळ्यात जास्त वेळ गेला ती घ्यायची. मी बिरडं घेतलं.

दुसऱ्यांदा: कुणाचा विचार केला?

आता पदार्थ सोडून मांडणी पाहायची. टेबलावर असं काय आहे, जे पाहुणे दुसरे कुणी असते तर तिथे नसतं? वेगळी ठेवलेली वाटी, बिनतिखटाचा भाग, साखर घालण्याआधी काढून ठेवलेली खीर, वयस्कर माणसाच्या खुर्चीवर ठेवलेली उशी, मुलासाठी लहान चमचा. भांडी आणि चमचे यांच्याकडे नीट पाहिलं की हे सापडतं.

आमच्या फोटोत ती लहान स्टीलची वाटी होती. त्या रात्री मी तिच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं, फोटोत मात्र ती स्पष्ट दिसली. मोठ्या वाडग्यातल्या खमंग काकडीत दाण्याचं कूट होतं, लहान वाटीतल्या काकडीत नुसतं ओलं खोबरं होतं. माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. मी ते काकूंना आधी सांगितलं होतं, म्हणून वेगळी वाटी असणं समजण्यासारखं होतं. पण फोटो मोठा केल्यावर दिसलं की त्या वाटीत तिचा स्वतःचा चमचा होता आणि ती मोठ्या वाडग्यापासून दूर, लिंबांच्या पलीकडे ठेवलेली होती. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला या चमच्याचा अर्थ लगेच कळतो. पदार्थ वेगळा केला तरी कुटाच्या वाडग्यातला चमचा चुकून त्यात गेला की सगळं फुकट. पुष्कळ घरी पदार्थ आठवणीने वेगळा करतात, चमचा मात्र एकच राहतो.

मग आठवलं की शुक्रवारी काकूंनी फोन करून विचारलं होतं, “फोडणीला आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल असतं, ते तिला चालतं का? नाहीतर मी सूर्यफुलाचं आणते.” फोन झाला आणि मी विसरूनही गेले होते. फोटोतल्या वाटीने तो परत आणला. फोटो जवळ ठेवून लिहायला बसण्याचा मोठा फायदा हाच आहे. तो स्वतः जेवढं दाखवतो त्याहून जास्त आठवायला लावतो.

तिसऱ्यांदा: फोटोत कोण नाही?

तिसऱ्या वेळी माणसं पाहायची. कोण बसलंय, कोण उभं आहे, कोण फोटोत आलंच नाही. आमच्या फोटोत एक खुर्ची रिकामी होती, मागे सरकवलेली. पोळ्यांच्या डब्यात दोनच पोळ्या होत्या आणि मागे स्वयंपाकघराच्या दारातून गॅससमोर उभ्या काकूंची पाठ आणि खांदा दिसत होता. फोनमध्ये फोटोच्या तपशिलात वेळ होती 8 वाजून 52 मिनिटं. म्हणजे बाकीचे सहा जण ताटावर बसले तेव्हाही काकू घडीच्या पोळ्या करत होत्या. आधी करून डब्यात ठेवल्या असत्या तर त्यांनाही आमच्याबरोबर बसता आलं असतं. पण डब्यात वाफ धरली की घडीची पोळी मऊ होते, तिचे पदर चिकटतात. तव्यावरून थेट ताटात आलेली पोळीच पदर सुटून येते. आम्हाला तशी पोळी मिळावी म्हणून त्या स्वतः मागाहून जेवल्या.

हे लिहिताना सूर सांभाळावा लागतो. ‘तुम्ही आमच्याबरोबर बसला नाहीत, वाईट वाटलं’ असं लिहिलं तर आभाराची तक्रार होते. ‘तुम्ही किती कष्ट घेतलेत’ हे खरं असलं तरी मोघम आहे. जे दिसलं ते सांगायचं आणि त्याचा आपल्याला काय लाभ झाला ते सांगायचं.

याच पाहण्यात घरातले बाकीचे हातही शोधायचे. आपल्याकडे जेवणाचे आभार सवयीने घरातल्या बाईंचे मानले जातात आणि बाकीच्यांचं काम कुणाच्याच बोलण्यात येत नाही. त्या रात्रीची सोलकढी काकांनी केली होती. नारळ खवून, कोमट पाण्यात फिरवून, फडक्यातून पिळून दूध काढायचं आणि त्यात कोकमाचं आगळ मिसळायचं. सोलकढी करून ठेवली तर नारळाचं दूध वर येतं आणि खाली पातळ पाणी राहतं. फोटोतल्या पेल्यांत रंग वरपासून खालपर्यंत एकसारखा होता, म्हणजे पेले भरून फार वेळ झाला नव्हता. शहरातल्या अनेक घरी पोळ्यांना किंवा वरकामाला मावशी असतात. त्या दिवशी त्यांचा हात लागला असेल आणि आपल्याला ते माहीत असेल, तर त्यांचाही उल्लेख एका ओळीत हवा, आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवायला यजमानांना सांगायचं.

फोटो कुठे फसवतो

फोटोवर भिस्त ठेवताना त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. पहिली मर्यादा रंगाची. घरातले दिवे पिवळसर असले की फोटोत सगळ्यावर पिवळी झाक येते. आमच्या फोटोतली सोलकढी नारिंगी दिसत होती. साधं वरण आणि कढी अशा उजेडात सारखी दिसतात, श्रीखंड आणि आम्रखंडही ओळखू येत नाहीत. तेव्हा रंगावरून पदार्थ ठरवू नये आणि चिठ्ठीत रंगाचं कौतुक करू नये.

दुसरी मर्यादा नावाची. जो पदार्थ एका घरात बिरडं असतो तोच दुसऱ्या घरात डाळिंबीची उसळ असतो आणि तिसरीकडे वालाची उसळ. यजमानांनी वाढताना जो शब्द वापरला तोच चिठ्ठीत वापरावा. आठवत नसेल तर सोबत असलेल्या कुणाला तरी विचारावं. घरच्या पदार्थाचं नाव चुकलं तर बाकीचं कौतुकही उडतउडत केल्यासारखं वाटतं.

तिसरी मर्यादा मालकीची. टेबलावर आहे ते सगळं त्या घरी केलेलं असतं असं नाही. कोपऱ्यातला मिठाईचा खोका आम्हीच नेलेला होता. काकूंनी तो लगेच उघडून टेबलावर ठेवला, पुष्कळ घरी तशी रीत असते. असा खोका घाईत यजमानांच्या खात्यात जमा होतो. पापड, लोणचं, श्रीखंड हेही बाहेरचं असू शकतं. खात्री नसेल तर ‘घरचं लोणचं’ असं लिहू नये. बाहेरून आणलेल्या पदार्थाचेही आभार मानता येतात, पण ते निवडीचे. कुठून आणायचं हे त्यांना माहीत होतं आणि आपल्यासाठी ते तिथपर्यंत गेले, एवढं लिहिलं की पुरतं.

चिठ्ठी

तीनदा पाहून झाल्यावर माझ्याकडे चार गोष्टी राहिल्या: अख्खे राहिलेले वाल, वेगळा चमचा, तव्यावरची पोळी आणि काकांची सोलकढी. यापेक्षा जास्त घेतल्या असत्या तर पुन्हा यादीच झाली असती. मसालेभात, बटाट्याची भाजी, खीर हे सगळं चांगलं होतं, तरी ते सोडून दिलं. चिठ्ठी अशी झाली:

‘काकू-काका, सा. न.

रात्री घरी पोचायला साडेअकरा झाले. मुलगी टॅक्सीतच झोपली.

काकू, बिरड्यातला एकही वाल मोडला नव्हता. ते सोलायला तुम्हाला शनिवारची सगळी दुपार लागली हे मला आज कळलं. आईंना ते इतकं आवडलं की आज सकाळी त्यांनी मला वाल भिजत घालायला लावले आहेत.

लेकीच्या काकडीची वाटी तुम्ही वेगळी केलीत, तिला वेगळा चमचा दिलात आणि ती लांब ठेवलीत. तेलाचं तर तुम्ही आधीच फोन करून विचारलं होतंत. बाहेर जेवताना माझं निम्मं लक्ष तिच्या ताटाकडे असतं. काल मला तसं बसावं लागलं नाही, मी निवांत जेवले.

आम्ही जेवत होतो तेव्हा तुम्ही तव्यापाशी होतात, म्हणून प्रत्येकाला पदर सुटलेली पोळी मिळाली. काका, तुमच्या सोलकढीचे हे दोन पेले प्यायले आणि तिसरा मागायला लाजले. पुढच्या वेळी लाजणार नाहीत.

आता तुम्ही दोघं आमच्याकडे या. पंधरा तारखेच्या रविवारी दुपारी जमेल का? त्या दिवशी पोळ्या मी करणार आणि तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचं.’

चिठ्ठीत ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘सुंदर’ यातला एकही शब्द नाही. ठरवून गाळलेला नाही, त्याची गरज पडली नाही. वाल मोडला नव्हता, मी निवांत जेवले, दोन पेले प्यायले, यातूनच ते कळतं. आणि प्रत्येक गोष्टीबरोबर आमच्यापैकी एका माणसाचं काय झालं ते आलं आहे: सासूबाईंचं, माझं, नवऱ्याचं. यजमानांना आपण केलेलं कुणापर्यंत कसं पोचलं हे जाणून घ्यायचं असतं. फोटो टेबलापर्यंतच नेतो. खाल्ल्यावर काय झालं, ते आपण सांगायचं.

लांबीही एवढीच ठेवावी, शंभर ते दीडशे शब्दांची. त्याहून मोठी झाली की वाचणाऱ्याला तेवढंच मोठं उत्तर देण्याचं ओझं वाटतं. मायना आणि संबोधन त्या घरात आपण जसं बोलतो तसंच. काका-काकूंना ‘तुम्ही’, बरोबरीच्या मैत्रिणीला ‘अगं’ आणि ‘तू’. एरवी ‘तू’ म्हणत असलेल्या माणसाला चिठ्ठीत एकदम ‘आपण’ म्हटलं तर तो परका झाल्यासारखा वाटतो.

कधी, कशी, आणि फोटोचं काय

चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जावी. दोन-तीन दिवसांनी गेली तरी चालते, पण तपशील अंधूक होतात आणि मैत्रिणीला विचारलेले प्रश्न चौकशीसारखे वाटू लागतात. व्हॉट्सॲपवर पाठवायला काहीच हरकत नाही. मात्र वयस्कर माणसं ती पुन्हा वाचायला शोधतात तेव्हा ती वर कुठेतरी गेलेली असते. आमच्याकडे एक सोपी सोय आहे. यजमानांनी निघताना उरलेल्या पदार्थांचा डबा दिलेला असतोच, आणि तो रिकामा परत करायचा नाही ही रीत आहे. डब्यात काहीतरी घालून, हाताने लिहिलेली चिठ्ठी वर ठेवून डबा परत केला की दोन्ही एकदम पोचतं. मी तसंच केलं, डब्यात चकल्या घातल्या.

फोटो सोबत पाठवायचा असेल तर मूळ फोटो पाठवावा. एका फोनवरून दुसऱ्यावर फिरून आलेला फोटो बारीक होतो आणि वाटीतला चमचा त्यात दिसेनासा होतो. तो फक्त यजमानांनाच पाठवावा. नातेवाइकांच्या मोठ्या ग्रुपवर टाकला की ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांना तो लागतो, आणि त्याची उत्तरं यजमानांना द्यावी लागतात. मागे ओट्यावर पसारा दिसत असेल, कुणी घरच्या साध्या कपड्यांत असेल, तर तेवढा भाग कापावा. आमच्या फोटोतला पाठमोऱ्या काकूंचा भाग मी कापला नाही. मैत्रिणीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, तेवढा तर ठेवच.

टेबल साधं असेल तेव्हा

प्रत्येक फोटोत बिरडं आणि अळूवडी नसते. उशिरा रात्री अचानक गेलेल्या माणसांसाठी पिठलं-भाकरी, कांदा आणि ठेचा एवढंच होतं. अशा फोटोत पाहायचे तीन प्रश्न तेच राहतात, उत्तरं वेगळी येतात. वेळ पदार्थात गेलेला नसतो, तो झोपेतून काढलेला असतो. भाकऱ्या करपलेल्या नसतील, नीट फुगलेल्या असतील, तर रात्री अकरा वाजताही कुणीतरी आचेवर नजर ठेवून उभं होतं. कांदा बुक्कीने फोडून ठेवला असेल, पिठल्यावर तेलाची तार वेगळी घातली असेल, तर तेही कुणाच्या तरी आवडीसाठी असतं. जेवण बाहेरून मागवलेलं असेल तर डब्यांतून काढून ते घरच्या भांड्यांत वाढलं का, मुलांसाठी काही वेगळं मागवलं का, हे पाहावं.

आणि काही बिघडलेलं असेल तर? भात जरा चिकट झाला, खिरीला बूड लागलं. यजमानांना ते आपल्या आधी कळलेलं असतं. त्यावर ‘काही कळलंच नाही’ अशी सारवासारव करू नये, कारण ती करताना आपण ते बोलून दाखवतो. त्या पदार्थाबद्दल गप्प राहावं आणि जे खरंच आवडलं त्यावर लिहावं. लिहिलेलं सगळं खरं असलं की गाळलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही.

अशा चिठ्ठीला बहुतेक ठिकाणाहून एकच उत्तर येतं, ‘अगं, विशेष काही नव्हतं.’ त्यावर वाद घालू नये. आपल्याकडे जेवणाचे आभार शब्दांनी पुरे होत नाहीत, ते परतीच्या बोलावण्याने पुरे होतात. ‘या कधीतरी’ हे बोलावणं नव्हे. त्यात तारीख नसते, म्हणून ते कुणी धरूनही चालत नाही. चिठ्ठीच्या शेवटी वार, वेळ आणि शक्य असेल तर एक पदार्थ लिहिला की समोरच्याला हो किंवा नाही म्हणता येतं. काकूंनी ‘विशेष काही नव्हतं’ असं उत्तर दिलं, आणि त्याच्या खालीच लिहिलं की रविवार चालेल, पण पोळ्या आधी करून ठेव आणि आमच्याबरोबर बस.